कॉलरच्या आतली अक्षरं

मला एक वाईट खोड आहे. कुणी विचारलेलं नसलं तरी उत्तर देऊन मोकळं व्हायचं, आणि तेही अशा ठसक्यात की समोरच्यानं पुन्हा विचारू नये. सासूबाई म्हणायच्या, उचलली जीभ लावली टाळ्याला. तेव्हा राग यायचा. आता त्या नाहीत, आणि राग कुणावर काढायचा तर तो माझ्यावरच निघतो.

आम्ही जांबे गावचे. जिथं आमची खाचरं होती तिथं आता बारा खोल्या आहेत. वरच्या मजल्यावर हिंजवडीच्या कंपन्यांतल्या मुली राहतात, खालच्या खोल्यांत बांधकामावरची माणसं. शेत करायचो तेव्हा प्रत्येक बैलाला नाव होतं. भाडेकरूंना आम्ही नावं ठेवली नाहीत, दोनच शब्दांत सगळ्यांना बसवलं. उत्तरेकडून आला तर भैया, दक्षिणेकडून आला तर अण्णा. गावात सगळेच घरमालक असं करतात. माणूस सहा-सहा महिने राहतो, निघून जातो, आणि तो कुठल्या गावचा होता हे कुणालाही सांगता येत नाही.

पाच नंबरच्या खोलीत असाच एक अण्णा राहायचा. पंचावन्नच्या पुढचा, अंगानं सडपातळ, सेंट्रिंगच्या कामावर जाणारा. मला तो काकी म्हणायचा, खरं तर वयानं माझ्याहून मोठाच असेल. मोडकं हिंदी बोलायचा, तेही गरजेपुरतं. कामावरून आला की आधी नळाजवळची फरशी धुवायचा, मग हातपाय. मी कधी सांगितलं नव्हतं. रविवारी निळा चौकड्यांचा शर्ट घालून पायरीवर बसायचा आणि घरी फोन लावायचा. फोनवर मात्र तो वेगळाच माणूस व्हायचा, मोठ्यानं बोलायचा, हसायचा. एवढी बडबड कोणत्या भाषेत चालते असा प्रश्न मला कधी पडला नाही. अण्णा अण्णांच्या भाषेत बोलतोय, झालं.

त्याचं आधारकार्ड आम्ही घेतलं नव्हतं. गेटपाससाठी ते ठेकेदाराकडं आहे, आज देतो, उद्या देतो, असं चाललं होतं. भाडं वेळेवर यायचं, माणूस सरळ होता, आम्हीही सोडून दिलं. ठेकेदार साइट संपवून दुसरीकडं गेला आणि त्याचा नंबर बंद लागायला लागला. त्यात आठवडाभरापूर्वी अण्णाचा फोन बसस्टॉपवर कुणीतरी मारला होता. पगार झाला की नवा घेतो म्हणाला होता.

एका सोमवारी सकाळी तो नळापाशी पडला. अंगावर तोच निळा शर्ट होता, कामाचा बहुतेक वाळत असेल. डोळे उघडे, तोंड वाकडं झालेलं, उजवा हात नुसता लोंबत होता. अ‍ॅम्ब्युलन्स आली, आम्ही दोघं बरोबर गेलो. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मेंदूत रक्तस्राव झालाय, वाचा गेलीय, आणि प्रकृती बघता फार दिवस हातात नाहीत. घरच्या माणसांना बोलवून घ्या म्हणाल्या. मी मान डोलवली. घरची माणसं कुठली, हे मला ठाऊक नाही असं सांगायची लाज वाटली.

नर्सनं त्याचे कपडे पिशवीत घालून माझ्या हातात दिले. शर्ट घाण झाला होता. घरी आणून मी तो स्वतः धुतला, कामवाल्या बाईला दिला नाही, का ते माहीत नाही. पिळताना कॉलर उलटली आणि आत शिंप्याचं लेबल दिसलं. पांढऱ्या पट्टीवर लाल धाग्यानं विणलेल्या दोन ओळी. वरची बरीचशी उसवलेली, फक्त पहिलं अक्षर शाबूत. खालची ओळ मात्र चांगली होती, चार गोल गोल अक्षरं. आणि मी तिथंच, मोरीत बसल्या बसल्या, निकाल लावला की हे कानडी आहे.

आता मला हे कळायचं कारण काय, तर माझी मावशी जत तालुक्यात दिलेली. लहानपणी सुट्टीत तिच्याकडं जायचे तेव्हा तिकडच्या गाड्यांवर, दुकानांवर, पोत्यांवर कानडी पाहिलेलं. मावशी एकेक अक्षर दाखवायची, मी दुसऱ्या दिवशी विसरायचे. लक्षात एवढंच राहिलं की गोल अक्षरं म्हणजे कानडी. या एवढ्या भांडवलावर मी जन्मभर मिरवलं. वरच्या मुलींच्या डब्यांवर, पार्सलांवर गोल अक्षरं दिसली की मी म्हणायचे, कर्नाटकचं दिसतंय. त्या हसायच्या, मला वाटायचं कौतुकानं हसतात. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली बाई ती हीच.

चौकीत गेलो तेव्हा हवालदारानं विचारलं, माणूस कुठला? ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, कर्नाटकातला. त्यानं विचारलं, नक्की का? मी त्याला मावशीचं जत ऐकवलं. तो बिचारा काय करणार, त्यानं कर्नाटक लिहिलं. अण्णाचा फोटो आणि वर्णन तिकडच्या पोलिसांकडं गेलं. आमच्या ओळखीतल्या एका कानडी दुकानदारानं त्यांच्या मंडळाच्या ग्रुपवर तोच फोटो टाकला. फोटो चेहऱ्याचा. लेबलाचा फोटो काढावा हे एकालाही सुचलं नाही. फोनवर अक्षरं ओळखणारी सोय असते म्हणे, माझा पुतण्या नंतर म्हणाला. पण सोय वापरायला आधी शंका यावी लागते, आणि शंकेला मी जागाच ठेवली नव्हती.

घरी येताना गाडीवर हे एवढंच म्हणाले, "तुला वाचता येतं का गं ते?" मी म्हटलं, वाचता न्हाई आलं तरी ओळखता येतं. मग ते गप्प बसले. तीस वर्षांत त्यांनी गप्प बसायची सवय करून घेतलीय, आणि ती सवय माझीच देणगी.

बुधवारी मी पुढचा शहाणपणा केला. आमच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विजापूरकडची एक बाई राहते, बांधकामावर घमेली वाहते. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, अक्षरओळख अजिबात नाही, पण भाषा पक्की कानडी. मी म्हटलं, त्या बिचाऱ्याच्या कानावर दोन शब्द त्याच्या भाषेतले पडू देत, गावाचं नाव निघालं तर निघालं. तिनं अर्ध्या दिवसाची हजेरी बुडवली आणि माझ्याबरोबर आली. ही गोष्ट मी तिची कधी विसरणार नाही.

ती त्याच्या उशाशी बसली. कपाळावर हात ठेवून विचारलं, "अण्णा, ऊटा आय्ता?" जेवलास का, असं. मग बोलत राहिली, हळू आवाजात, तिचं गाव कुठलं, ती कोण, भिऊ नकोस, असंच काहीतरी असणार. अण्णा तिच्या तोंडाकडं बघत होता. डोळे एकदम मोठे केले, ओठ हलले, नुसता घशातून आवाज आला. मग त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं ते थांबेना. डाव्या हातानं त्यानं तिचं मनगट धरलं आणि हलवलं, एकदा, दोनदा, तीनदा.

मी नर्सला म्हटलं, बघा, स्वतःची भाषा ऐकली ना. नर्सच्याही डोळ्यांत पाणी आलं. परत येताना रिक्षात विजापूरची बाई मात्र मला म्हणाली, "अक्का, त्याला माझं काय बी कळलं न्हाई वाटतं." मी तिला सांगितलं, अगं आजारानं तसं होतं, डोकं चालत नाही त्यांचं. तिनं वाद घातला नाही. ती माझ्या जागेत राहते, ती कशाला वाद घालेल.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. कर्नाटकातून काही आलं नाही. मी रोज डबा घेऊन जायचे, तो माझाच मी परत आणायचे, त्याला अन्न नळीतून दिलं जायचं. मला पाहिलं की तो डावा हात उचलायचा आणि स्वतःच्या गळ्यापाशी न्यायचा. पुन्हा पुन्हा, मानेशी, जिथं शर्टाची कॉलर असते तिथं. मला वाटलं तहान लागलीय. मी ओला कापूस त्याच्या ओठांवर फिरवत राहिले.

रविवारी सकाळी गच्चीवर शर्ट तसाच दोरीवर होता. वाळून कडक झाला होता, पण घडी करून ठेवायचं मला होत नव्हतं. वरच्या खोलीतली एक मुलगी कपडे वाळत घालायला आली. हैदराबादकडची, दोन वर्षं बंगळुरात नोकरी करून इकडं आलेली. दोरीवर शर्ट उलटा होता, कॉलर बाहेर. तिनं सहज पाहिलं आणि विचारलं की हा शर्ट कुणाचा, आमच्या तेलंगणातल्या वनपर्तीचा शिंपी इकडं कसा? मी म्हटलं, कसलं वनपर्ती, ते कानडी आहे.

"आंटी, ये कन्नड़ा नहीं है," ती म्हणाली. "तेलुगू है."

मी तिच्याशी भांडले. खरंच भांडले. माझ्या मावशीचं जत तिलाही ऐकवलं. ती शांतपणे खाली गेली, पेन आणि आमच्याच लाइटबिलाचा कागद घेऊन आली, आणि पाठकोऱ्या बाजूवर दोन शब्द एकाखाली एक लिहिले. वर వనపర్తి, खाली ವನಪರ್ತಿ. म्हणाली, दोन्ही वनपर्तीच. अक्षरं सख्ख्या बहिणी आहेत, पोटाकडं बघितलं तर फसणार. डोक्याकडं बघा.

मी बघितलं. वरच्या शब्दात पहिल्या तिन्ही अक्षरांच्या डोक्यावर एकेक छोटी खूण होती, मास्तर बरोबर उत्तरावर करतात तशी, खाली येऊन वर उडालेली. खालच्या शब्दात तिथं आडवी रेघ, उजवीकडं जरा वळलेली. बरोबरची खूण असेल तर तेलुगू, आडवी रेघ असेल तर कानडी. मग तिनं शेवटचं अक्षर दाखवलं. कानडीत अर्धा र आला की पुढच्या अक्षराच्या उजव्या अंगाला आपल्या नवासारखी खूण येते, बंगळुरात ती बसच्या पाट्यांवर तीच खूण आधी ओळखायला शिकली होती. तेलुगूत तो नऊ नसतो. तिथं र उभा राहतो आणि पुढचं अक्षर त्याच्या पायाशी जातं.

मी अजूनही हट्ट सोडला नव्हता. वरच्या ओळीतल्या शाबूत अक्षरावर बोट ठेवून म्हटलं, याच्या डोक्यावर कुठाय तुझी बरोबरची खूण? ती म्हणाली, वेलांटी आली की ती खूण जाते, आणि काही अक्षरांना ती मुळातच नसते, ल ला नसते, ट ला नसते, म्हणून एका अक्षरावर कधी ठरवायचं नाही. ते श्री होतं. दुकानाच्या नावातलं श्री. तिनं तेही दोन्हीत काढलं, శ్రీ आणि ಶ್ರೀ. कानडीत दीर्घ वेलांटीची शेपटी अक्षराच्या शेजारी वेगळी उभी राहते. तेलुगूत ती डोक्यावरच बसते, शेजारी काही नाही. शर्टावरच्या श्रीच्या शेजारी काही नव्हतं.

मी शर्ट हातात घेतला, उन्हात धरला. लाल धाग्याच्या तीन खुणा, एकामागोमाग एक, स्वच्छ. झिजलेल्या नव्हत्या. मी धुताना त्यांच्यावरून साबण फिरवला होता. शितावरून भाताची परीक्षा करावी, पण आधी शीत तरी नीट बघावं की नाही?

पुढचं सगळं दोन तासांत झालं. या भाडेकरणीचा मामा वनपर्तीपासून जवळच राहतो. त्याला तिनं लेबलाचा आणि चेहऱ्याचा, दोन्ही फोटो पाठवले. तो गाडी काढून गेला. बाजारात नावात श्री असलेली शिंप्याची तीन दुकानं होती, दुसऱ्यानं लेबल ओळखलं आणि चेहराही ओळखला. दर संक्रांतीला कापड घेऊन येणारा माणूस, अमुक गावचा, एकच मुलगी आहे. दुपारी बारापर्यंत त्या मुलीचा फोन आमच्या गच्चीवर आला. आमची भाडेकरीण बोलत होती, मी नुसती बघत होते. नंतर तिनं सांगितलं की मुलीला वाटत होतं बाप रागावलाय. शेवटच्या फोनवर काहीतरी शब्दाला शब्द झाला होता, आणि मग नंबर लागेना. ती आणि जावई मिळेल त्या गाडीनं निघाले.

दोन तास. मी सहा दिवस घेतले होते.

मी म्हटलं, चल, आत्ता दवाखान्यात जाऊ, तू त्याच्याशी बोल. ती लगेच तयार झाली. रविवारच्या गर्दीत वाकडच्या पुलाखाली आम्ही तासभर अडकलो. वॉर्डाच्या दाराशी पोहोचलो तर नर्सनं मला बाजूला घेतलं. अर्ध्या तासापूर्वी गेला होता. पडदा ओढलेला होता. भाडेकरीण तरीही आत गेली आणि त्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. काय बोललीस, असं मी बाहेर आल्यावर विचारलं. म्हणाली, तिन्नारा, जेवलात का. विजापूरच्या बाईनं विचारलं होतं तेच.

सोमवारी सकाळी त्याची मुलगी आली. तिशीची असेल, अण्णाचाच चेहरा. दवाखान्यातले कागद झाले, मग गाडी मिळेपर्यंत ती आमच्याकडं पायरीवर बसली, जिथं तो रविवारी बसायचा तिथंच. मी शर्ट इस्त्री करून ठेवला होता. तो तिच्या हातात दिला. तिनं कॉलर उलटून लेबलावरून अंगठा फिरवला आणि नान्ना, नान्ना, म्हणजे बाबा, बाबा, म्हणत राहिली. आमची भाडेकरीण मध्ये बसली होती, इकडचं तिकडं सांगायला.

मी ठरवलं होतं की सांगायचं. बाई, तुझ्या बापाला उशीर झाला तो माझ्यामुळं. मी कर्नाटक म्हणाले म्हणून. वाक्यं रात्रभर घोकून ठेवली होती. पण आधी तिनंच विचारलं. शेवटच्या दिवसांत त्यांच्याशी आमच्या भाषेत कुणी बोललं का?

भाडेकरणीनं प्रश्न मला सांगितला आणि माझ्याकडं बघत राहिली. ह्यांनीही बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तर पटकन आलं नाही.

"एक बाई आली होती," मी म्हटलं. "त्यांच्या कपाळावर हात ठेवून बोलली. जेवलात का विचारलं."

भाडेकरणीनं ते तेलुगूत सांगितलं, जसंच्या तसं, भाषा कुठली ते न सांगता. अण्णाच्या लेकीनं मान हलवली आणि आणखी एक विचारलं. तेव्हा नान्नांनी काय केलं?

मी म्हटलं, रडले. तिचा हात धरून रडले.

तिनं शर्टाची कॉलर पुन्हा सरळ केली. मग जे बोलली ते भाडेकरणीनं मला मान खाली घालून सांगितलं. "आंटी, ती म्हणतेय, रडले म्हणजे नान्नांना कळलं असणार."